रेटिनॉल : आठवड्यातून एक रात्र

रेटिनॉलची नवी बाटली घरी आली की बहुतेक जण ती रोज लावायला घेतात. पहिल्या रात्री काहीच होत नाही. दुसऱ्या रात्रीही चेहरा ठीक असतो, उलट सकाळी जरा तुकतुकीतच वाटतो. मग तिसरी रात्र, चौथी रात्र. पाचव्या दिवशी तोंड धुताना गालांवर साधं पाणी चरचरतं, नाकाच्या कडेला पांढरट पापुद्रे सुटलेले दिसतात आणि जांभई दिली तरी ओठांच्या कोपऱ्यांत ताण बसतो. बाटली कपाटात मागे सरकते आणि ‘मला रेटिनॉल सोसत नाही’ असा निकाल लागतो.

हा निकाल बहुतेक वेळा घाईचा असतो. तव्याचा चटका बसला की हात लगेच मागे येतो, रेटिनॉलचं तसं नाही. ते लावल्यावर त्वचा कोरडी पडायला, सोलवटायला साधारण दोन ते चार दिवस जातात. रोज लावणाऱ्या माणसाला पहिल्या रात्रीचा परिणाम दिसू लागतो तोवर त्यावर आणखी तीन-चार थर चढलेले असतात, आणि त्यांचे परिणाम अजून यायचेच असतात. म्हणून सुरुवातीला आठवड्यातून एकच रात्र लावायची, पुढचे सहा दिवस चेहऱ्याकडे नीट बघायचं आणि मगच पुढची रात्र ठरवायची. या लेखात मांडलेलं बारा आठवड्यांचं वेळापत्रक याच एका गोष्टीवर उभं आहे.

त्वचेत नेमकं काय घडतं?

रेटिनॉल हे अ जीवनसत्त्वाचंच एक रूप. ते आहे तसं त्वचेवर फारसं काम करत नाही. त्वचेच्या पेशींत गेल्यावर त्याचं आधी रेटिनाल होतं आणि मग रेटिनॉइक आम्ल. खरं काम हे आम्ल करतं. ते पेशीच्या केंद्रकापर्यंत पोचतं आणि तिथली काही जनुकं कमी-जास्त प्रमाणात चालू करतं. त्यामुळे वरच्या थरात नव्या पेशी वेगाने तयार होतात, जुन्या मृत पेशी लवकर सुटतात, आणि खालच्या थरात त्वचेला घट्टपणा देणाऱ्या कोलॅजनची निर्मिती वाढते.

हेच रेटिनॉइक आम्ल औषध म्हणून ट्रेटिनॉइन या नावाने मिळतं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी मुरमांवर त्याचा उपयोग दाखवला आणि 1971 साली तिथे त्याला मुरमांचं औषध म्हणून मान्यता मिळाली. मुरमांसाठी ते लावणाऱ्या मोठ्या वयाच्या रुग्णांची त्वचा मऊ होते, बारीक रेषा कमी होतात, हे लक्षात आल्यावर 1986 मध्ये क्लिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उन्हाने खराब झालेल्या त्वचेवरचा त्याचा परिणाम प्रसिद्ध केला. सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात आज दिसणाऱ्या रेटिनॉलच्या बाटल्यांची मुळं तिथे आहेत.

रेटिनॉलला मधल्या दोन पायऱ्या पार कराव्या लागतात आणि प्रत्येक पायरीवर त्यातला थोडाच भाग पुढे जातो. म्हणून ते ट्रेटिनॉइनपेक्षा बरंच सौम्य असतं. सौम्य असलं तरी कामाची रीत तीच, आणि त्रासाची रीतही तीच. वरच्या पेशी नेहमीपेक्षा लवकर सुटू लागल्या की त्वचेचं सगळ्यात वरचं संरक्षक आवरण काही काळ विरळ होतं. त्यातून पाणी उडून जातं, म्हणून त्वचा कोरडी आणि ताणलेली वाटते. सुटलेल्या पेशींचे पापुद्रे दिसतात. एरवी न झोंबणारा फेसवॉश किंवा घाम आत शिरून झोंबतो. काही आठवड्यांत त्वचा या नव्या वेगाला सरावते, आवरण पुन्हा नीट बसतं आणि त्रास ओसरतो. तोवर तिला झेपेल एवढंच द्यायचं.

सावळ्या त्वचेला घाई महाग पडते

गोऱ्या त्वचेवर रेटिनॉलचा त्रास झाला तर ती लाल होते, सोलते आणि पुढे बहुधा पूर्ववत होते. आपल्याकडच्या गव्हाळ आणि सावळ्या त्वचेत रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी जास्त सक्रिय असतात. त्वचेला कुठलाही दाह झाला की त्या जादा रंगद्रव्य बनवतात. मुरूम फुटल्यावर उरणारा काळा डाग किंवा डासाच्या चाव्याची महिनोन्‌महिने राहणारी खूण यातूनच येते. रेटिनॉलने गाल चांगलाच सोलवटला तर तिथेही असाच काळपट पट्टा उठू शकतो आणि तो जायला काही महिने लागतात. डाग घालवण्यासाठी आणलेल्या औषधाने नवा डाग पडतो, आणि तो पडू नये म्हणून धिम्या सुरुवातीचं महत्त्व आपल्याकडे जास्त आहे.

दुसरी अडचण ओळखण्याची. ‘लाली आली तर थांबा’ असं बाटलीवर लिहिलेलं असतं, पण सावळ्या चेहऱ्यावर लाली लाल दिसतेच असं नाही. ती तांबूस-तपकिरी दिसते, कधी जांभळट, कधी चेहरा नुसताच काळवंडल्यासारखा वाटतो. म्हणून आरशापेक्षा स्पर्शावर विश्वास ठेवावा. हाताच्या मागच्या बाजूने गाल चाचपून बघा. तो गरम लागतो का? चेहरा धुतल्यावर पाच मिनिटांत कातडी आवळल्यासारखी होते का? रोजचं, आजवर कधी न झोंबलेलं मॉइश्चरायझर लावताना चरचर होते का? यातली शेवटची खूण सगळ्यात भरवशाची. मॉइश्चरायझर झोंबू लागलं याचा अर्थ आवरण फाटलं आहे.

आठवड्यातून तीनदा पुरतं का?

इतकं कमी लावून उपयोग काय, असा प्रश्न येतोच. त्याचं एक चांगलं उत्तर अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मिळतं. त्यांनी 36 वृद्ध स्त्री-पुरुष निवडले, त्यांचं सरासरी वय 87 होतं. प्रत्येकाच्या एका दंडाच्या आतल्या बाजूला 0.4 टक्के रेटिनॉल असलेलं लोशन आणि दुसऱ्या दंडाला रेटिनॉल नसलेलं तेच लोशन लावलं. लावण्याची मर्यादा होती आठवड्यातून जास्तीत जास्त तीन वेळा, आणि हे 24 आठवडे चाललं. रेटिनॉल लावलेल्या हाताच्या बारीक सुरकुत्या स्पष्टपणे कमी झाल्या आणि त्वचेच्या नमुन्यांत कोलॅजन तयार होत असल्याच्या खुणा वाढलेल्या आढळल्या.

यात लक्षात ठेवण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे रोज न लावताही परिणाम मिळतो. दुसरी म्हणजे त्यासाठी सहा महिने लागतात. म्हणजे पहिल्या महिन्यात चार रात्रींऐवजी तीस रात्री लावून जे साधेलसं वाटतं ते तसंही साधणार नसतं, आणि सोलवटल्यामुळे मध्येच थांबावं लागलं तर सहा महिने पूर्णच होत नाहीत.

काय आणायचं?

पहिल्यांदा लावणाऱ्यांनी 0.1 ते 0.3 टक्के रेटिनॉल असलेलं उत्पादन घ्यावं. युरोपीय संघानेही 2024 साली केलेल्या नियमात चेहऱ्यावरच्या प्रसाधनांसाठी 0.3 टक्के हीच कमाल मर्यादा ठेवली आहे. आपल्याकडे 0.5 आणि 1 टक्क्याच्या बाटल्याही सहज मिळतात, त्या पहिल्या खरेदीसाठी नाहीत. कोरड्या त्वचेला क्रीम बरं, तेलकट त्वचेला हलकं सीरम चालतं. टक्केवारी नीट वाचावी, कारण काही बाटल्यांवरचा मोठा आकडा संपूर्ण मिश्रणाचा असतो, शुद्ध रेटिनॉलचा नसतो. रेटिनॉल उजेडाने आणि हवेने खराब होतं. म्हणून काचेच्या पारदर्शक बाटलीपेक्षा धातूची ट्यूब किंवा पंपाची अपारदर्शक बाटली घ्यावी आणि ती बाथरूमच्या खिडकीत न ठेवता कपाटात ठेवावी.

एका गोष्टीपासून मात्र लांब राहावं. गोरेपणासाठी म्हणून मेडिकलमधून कुणाच्या तरी सांगण्यावरून आणल्या जाणाऱ्या काही ट्यूबमध्ये हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड एकत्र असतं. हे मिश्रण वांगासाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरावीक काळापुरतं वापरायचं औषध आहे. त्यातलं स्टेरॉइड दाह दाबून ठेवतं, म्हणून सुरुवातीला चेहरा फार छान दिसतो. महिनोन्‌महिने लावत राहिलं की त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात आणि ट्यूब बंद करताच चेहरा भडकतो. अशी ट्यूब आधी वापरली असेल तर रेटिनॉलला हात लावण्यापूर्वी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावं.

आधीचे दोन आठवडे

आता एक उदाहरण घेऊ. पुण्यात राहणारी, बेचाळिशीची एक शिक्षिका. रोज दुचाकीवरून शाळेत जाते. डोळ्यांच्या कडेला बारीक रेषा आहेत, गालांवर मुरमांचे जुने डाग आहेत. त्वचा साधारण, हिवाळ्यात कोरडी पडणारी. दर तीन आठवड्यांनी भुवया आणि वरच्या ओठाचं थ्रेडिंग करते. रविवारी बेसन-हळदीचं उटणं लावते. तिने दिवाळीनंतर 0.2 टक्क्यांचं रेटिनॉल क्रीम आणलं आहे.

पहिले दोन आठवडे तिने ती ट्यूब उघडायचीच नाही. या काळात तिची दिनचर्या अगदी साधी करायची. सकाळ-संध्याकाळ कमी फेसाचा सौम्य फेसवॉश, त्यावर वास नसलेलं मॉइश्चरायझर आणि दिवसा कमीत कमी एसपीएफ 30 चं सनस्क्रीन. सनस्क्रीन तर्जनी आणि मधलं बोट या दोन्हींवर टोकापासून मुळापर्यंत रेघ ओढून येईल एवढं, चेहरा आणि मान मिळून. दुचाकीवर बांधलेला स्कार्फ त्याची जागा घेत नाही, आणि जाड किंवा कडक कापडाचा असेल तर नाजूक झालेल्या गालांवर घासतो. मऊ सुती स्कार्फ सैलसर बांधावा आणि रोज धुतलेला घ्यावा.

उटणं, स्क्रब, लिंबू, मुलतानी माती, ब्लीच आणि ग्लायकॉलिक किंवा सॅलिसिलिक आम्लाचे फेसवॉश या काळात बंद. यातली प्रत्येक गोष्ट आपापल्या परीने वरचा थर काढते किंवा कोरडा करते. रेटिनॉलही तेच करणार असेल, तर दोन्हींचा मार एकाच आवरणावर पडतो.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी चाचणी. कानाच्या पुढे, जबड्याच्या कडेला, एक रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर रेटिनॉलचा पातळ थर लावायचा आणि चार दिवस बघायचं. किंचित कोरडेपणा आला तर हरकत नाही. खाज सुटली, सूज आली किंवा बारीक पुरळ उठलं तर ते उत्पादन आपल्यासाठी नाही.

लावायची पद्धत

पहिली रात्र तिने शुक्रवारची निवडली, कारण पुढचे दोन दिवस उन्हात जायचं नव्हतं. फेसवॉशने चेहरा धुतला, टॉवेलने न घासता टिपला आणि पंधरा मिनिटं थांबली. ओलसर त्वचेत रेटिनॉल जास्त खोल शिरतं, म्हणून हे थांबणं महत्त्वाचं. मग नाकपुड्यांच्या कडेच्या खाचा, ओठांचे कोपरे आणि डोळ्यांचे कोपरे यांवर पेट्रोलियम जेलीचं बोट फिरवलं. क्रीम ओघळून याच ठिकाणी साचतं आणि सगळ्यात आधी इथेच सोलतं. मग चेहऱ्यावर मॉइश्चरायझरचा नेहमीसारखा थर दिला आणि तो मुरायला पाच-दहा मिनिटं दिली.

त्यानंतर रेटिनॉल, हिरव्या वाटाण्याएवढं. कपाळ, दोन्ही गाल आणि हनुवटी यांवर एकेक ठिपका ठेवून हलक्या हाताने पसरलं. पापण्यांवर लावलं नाही, डोळ्यांखाली गालाच्या हाडापर्यंतच थांबली. मान पहिले बारा आठवडे वगळली, कारण तिथली त्वचा पातळ असते आणि चेहऱ्याच्या आधी चिडते. शेवटी पुन्हा मॉइश्चरायझरचा थर. खाली आणि वर मॉइश्चरायझर असल्याने रेटिनॉल हळूहळू आत जातं आणि त्रास बराच कमी होतो. परिणाम थोडा मंदावतो, पण सुरुवातीला तेच हवं असतं. पुढे त्वचा सरावली की खालचा थर काढून टाकता येतो.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिने त्या शुक्रवारी ‘रे’ लिहिलं. पुढचे सहा दिवस रोज रात्री त्याच रकान्यांत एकच शब्द लिहायचा होता : ठीक, कोरडं किंवा झोंबतंय.

बारा आठवडे

तिचं वेळापत्रक असं ठरलं :

आठवडा 1 आणि 2 : एक रात्र, शुक्रवार.
आठवडा 3 आणि 4 : दोन रात्री, सोमवार आणि शुक्रवार.
आठवडा 5 ते 8 : तीन रात्री, सोमवार, बुधवार आणि शुक्रवार.
आठवडा 9 ते 12 : सगळं ठीक असेल तर एक रात्र आड. नसेल तर तीन रात्रींवरच थांबायचं.

आठवडे नुसते संपले म्हणून पुढची पायरी चढायची नाही. मागच्या दोन आठवड्यांत कॅलेंडरवर ‘झोंबतंय’ एकदाही नसेल आणि ‘कोरडं’ आलं तरी दोन दिवसांत ‘ठीक’ झालं असेल, तरच रात्र वाढवायची. नाहीतर त्याच पायरीवर आणखी दोन आठवडे. कुणाला हे बारा आठवडे सोळा होतील, कुणाला वीस. एकूण सहा महिन्यांच्या हिशेबात हा फरक फार नाही.

आपल्या शिक्षिकेचे पहिले दोन आठवडे निर्धोक गेले. तिसऱ्या आठवड्यात सोमवारी आणि शुक्रवारी लावल्यावर रविवारी नाकाच्या शेजारी आणि हनुवटीवर बारीक पापुद्रे दिसले. कॅलेंडरवर ‘कोरडं’ लिहिलं गेलं. तिने ते ओढून काढले नाहीत, स्क्रबही केला नाही. दिवसातून एकदा जास्त मॉइश्चरायझर लावलं आणि मंगळवारपर्यंत ते आपोआप गेले. नियमाप्रमाणे हे चालण्यासारखं होतं. फक्त त्या आठवड्यातली सोमवारची मात्रा तिने मंगळवार रात्रीवर ढकलली, म्हणजे सोलणाऱ्या त्वचेवर नवा थर पडला नाही.

पाचव्या आठवड्यात तिसरी रात्र सुरू झाली, त्याच सुमारास पुण्यात थंडी पडली. हवा कोरडी, अंघोळीला कडक पाणी, आणि तेच पाणी तोंडावरही. शनिवारी मॉइश्चरायझर लावताना दोन्ही गाल चरचरले आणि आरशात चेहरा लाल नव्हे तर जरा काळवंडलेला दिसला. इथे थांबायचं असतं. तिने रेटिनॉल पूर्ण बंद केलं, फेसवॉश फक्त रात्री ठेवला, सकाळी कोमट पाण्याने चेहरा धुतला, रात्री मॉइश्चरायझरवर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर दिला आणि सनस्क्रीन चालू ठेवलं. आठ दिवसांनी मॉइश्चरायझर झोंबायचं थांबलं. तरी तिने आणखी दोन दिवस जाऊ दिले आणि मग तीनवर न जाता दोन रात्रींवर परत आली. तिथे दोन आठवडे काढून पुन्हा तीन रात्री केल्या, तेव्हा त्रास झाला नाही.

मध्ये घरात एक लग्न होतं. हळद, मेकअप, तासन्‌तास ऊन, आणि त्याआधी पार्लर. रेटिनॉल लावलेली त्वचा वर सैलसर असते, वॅक्सच्या पट्टीबरोबर वरचा थरच निघून येऊ शकतो आणि ओठावर जखम होते. म्हणून चेहऱ्याचं वॅक्सिंग, ब्लीच किंवा पार्लरमधलं पील करायचं असेल तर त्याआधी एक आठवडा आणि नंतर त्वचा पूर्ण शांत होईपर्यंत रेटिनॉल बंद ठेवावं. थ्रेडिंग तुलनेने सौम्य, तरी आधीच्या आणि नंतरच्या दोन-तीन रात्री सोडाव्यात. आणि स्वतःचंच लग्न दोन महिन्यांवर आलं असेल तर रेटिनॉलची सुरुवातच पुढे ढकलावी. नेमके त्या आठवड्यांत पापुद्रे निघण्याचा धोका पत्करण्यात अर्थ नाही.

कुठवर चालेल, कुठे थांबायचं

ओठांच्या, नाकाच्या कडेला पिठासारखे पापुद्रे आणि हलका ताण हा अपेक्षित त्रास. मॉइश्चरायझर झोंबणं, गाल गरम लागणं, चेहरा काळवंडणं ही मात्रा जास्त झाल्याची खूण. या दोन्हींवर वेळापत्रकातच उत्तर आहे. पण पापण्या किंवा चेहरा सुजला, सहन न होणारी खाज सुटली, पाण्याचे फोड आले किंवा त्वचेतून लस येऊ लागली तर ती ॲलर्जी किंवा खोल दाह असू शकतो. मग घरगुती उपाय आणि घरात पडलेली स्टेरॉइडची ट्यूब दोन्ही बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावं आणि ते उत्पादन पुन्हा लावू नये.

मुरमांची त्वचा असेल तर पहिल्या सहा-आठ आठवड्यांत नेहमीच्याच जागी थोड्या जास्त पुटकुळ्या येऊ शकतात. आत तयार होत असलेले मुरूम लवकर वर येतात, आणि हे हळूहळू कमी होतं. पण जिथे कधीच मुरूम येत नव्हते तिथे पुरळ उठू लागलं, किंवा आठ आठवड्यांनंतरही ते वाढतच गेलं, तर त्याला त्वचा ‘साफ होते आहे’ म्हणून सोडून देऊ नये.

गरोदर स्त्रियांनी आणि लवकरच बाळाचा विचार करणाऱ्यांनी रेटिनॉल लावू नये. त्याच कुळातल्या गोळ्यांमुळे गर्भात गंभीर व्यंग निर्माण होतात हे पक्कं माहीत आहे. त्वचेवर लावलेलं रेटिनॉल रक्तात फार थोडं जातं, तरी एका सौंदर्यप्रसाधनासाठी तो धोका घेऊ नये. बाळाला पाजणाऱ्या आईने डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. चेहऱ्यावर इसब किंवा रोझेशिया असेल, किंवा डॉक्टरांनी आधीच ट्रेटिनॉइन वा अडापॅलीन दिलं असेल, तर स्वतःच्या मनाने रेटिनॉल सुरू करू नये. शेवटच्या दोन औषधांबरोबर ते लावणं म्हणजे एकाच कामाचा दुहेरी मार.

बाराव्या आठवड्यानंतर

साधारण आठव्या ते बाराव्या आठवड्याच्या दरम्यान हाताला पहिला बदल जाणवतो. त्वचा गुळगुळीत लागते, मेकअप नीट बसतो. रेषा आणि डाग यांना तीन ते सहा महिने लागतात, आणि खोल सुरकुत्या रेटिनॉलने जात नाहीत. बदल ताडून बघायचा असेल तर सुरुवातीला आणि मग दर महिन्याला त्याच खिडकीशी, दिवसाच्या त्याच वेळी, चेहऱ्यावर काही न लावता फोटो काढावा. आरशात रोज बघणाऱ्याला हळू होणारा फरक दिसत नाही.

आपल्या शिक्षिकेने बाराव्या आठवड्यानंतर आठवड्यातून तीन रात्री कायम केल्या. एक रात्र आड करून पाहिलं, तेव्हा थंडीत गाल कोरडे पडत होते, म्हणून ती मागे आली. त्यात काही गमावलं नाही. एप्रिल-मेच्या उन्हात जेव्हा रोज दुपारी बाहेर जावं लागतं, तेव्हा दोन रात्री पुरतात. पावसाळ्यात हवेत ओल असते, तेव्हा तीनवर परतता येतं. 0.3 टक्क्यांकडे जायचं असेल तर आधीची मात्रा किमान तीन महिने बिनत्रासाची गेलेली असावी, आणि नवी ट्यूब उघडल्यावर पुन्हा एका रात्रीपासून सुरुवात करायची. त्या महिन्यात दुसरं कुठलंही नवं प्रसाधन सुरू करायचं नाही. नाहीतर त्रास झाला तर तो कशाने झाला हे कळायला मार्ग राहत नाही.

मध्येच महिनाभर खंड पडला तरी आधी मिळालेलं लगेच नाहीसं होत नाही. फक्त त्वचेचा सराव सुटलेला असतो, तेव्हा जिथे सोडलं होतं तिथून न लागता एका रात्रीपासून पुन्हा चढायचं. एवढं सांभाळलं तर पहिल्या महिन्यात कपाटात मागे जाणारी ट्यूब सहा महिने वापरली जाते, आणि रेटिनॉलचा उपयोग होतो की नाही हे ठरवायला तेवढा काळ लागतोच.